फोटोखाली विद्यार्थिनीबद्दल किती लिहावं?

प्रश्न: मी पुण्यात पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात २००४ च्या दहावीच्या तुकडीतली वैशाली पत्ता शोधत कोथरूडला घरी आली. आता ती उपजिल्हाधिकारी आहे, एका तालुक्याची प्रांत. सुनेने आमचे फोटो काढले. फेसबुकवर आणि माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर टाकायला मी पुढचा मजकूर लिहिला:

‘माझ्या हातून घडलेला हिरा! घटक चाचणीत २५ पैकी ३ मार्क, आई चार घरच्या पोळ्या करायची, पायात धड चप्पल नाही, अशी ही पोर आज कलेक्टर झाली! मी तिला एकच वाक्य सांगितलं होतं, रडू नकोस, गणित सोडव. आज तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि ऊर भरून आला. शिक्षकाला आणखी काय हवं?’

सून म्हणते, आई, हे असं टाकू नका. मुलगा म्हणतो, एक शब्द बदलू नका. तो आठवी ते दहावीचे क्लास घेतो, त्याला हाच फोटो फ्लेक्सवर हवा आहे. माझ्या मजकुरात एक अक्षर खोटं नाही. मग चुकतंय कुठे?

ता. क. जाताना वैशाली म्हणाली, ‘बाई, तुम्ही प्रमेय साध्याकडून उलटं सोडवायला लावायचात ना, फेरफाराच्या अपिलात मी अजून तेच करते. आधी अर्जदाराला नेमकं काय हवंय ते वाचते आणि मग मागे येते.’ मला फार बरं वाटलं.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे
(पत्रातलं नाव बदललं आहे.)

उत्तर: नमस्कार बाई. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं फोटोओळी लिहिण्यात गेली, त्यामुळे तुमचं पत्र आधी त्या नजरेने वाचलं. एक अक्षर खोटं नाही असं तुम्ही म्हणता, पण एक आहे. ‘कलेक्टर’.

तिथूनच सुरुवात करू, कारण हे दुरुस्त करायला सगळ्यात सोपं आणि न केल्यास तिला सगळ्यात आधी टोचणारं आहे. कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी, आणि ते पद बहुतेक वेळा आयएएस अधिकाऱ्याकडे असतं. वैशाली राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी झाली. लोकसेवा आयोगाची पूर्व, मुख्य आणि मुलाखत पार करून, गुणवत्ता यादीत वर येऊन मिळणारं हे पद स्वतःच्या नावाने मिरवावं असंच आहे, त्याला वरची पायरी लावायची गरज नाही. बोलताना आपण सगळेच प्रांतालाही कलेक्टर म्हणून टाकतो आणि त्यात कुणाचं काही जात नाही. लेखी मात्र जातं. ती नोकरी करते त्या जिल्ह्यात एक खरे जिल्हाधिकारी बसलेले आहेत आणि ते तिचे साहेब आहेत. तुमची पोस्ट फिरत फिरत तिच्या कार्यालयापर्यंत जाणार, तिच्या बॅचचे अधिकारी ती वाचणार, आणि ‘काय मॅडम, प्रमोशन कधी झालं?’ असा चिमटा काढणार. तिने स्वतः असं लिहिलेलं नसताना खुलासा मात्र तिला करावा लागणार.

नावाचंही तसंच. तुमच्या हजेरीपटावर तिचं माहेरचं आडनाव होतं. आज सेवेत ती कुठलं नाव लावते ते तुम्हाला पक्कं माहीत आहे का? काही जणी माहेरचंच ठेवतात, काही सासरचं घेतात, काही दोन्ही लावतात आणि काही जणी आडनावच गाळतात. तुम्ही जुनं नाव टाकलंत तर तुकडीतल्या मैत्रिणी खूश होतील, पण आज ती ज्या नावाने सही करते ते नाव तुम्ही परस्पर बदललं असं होईल. तिलाच विचारा.

आता पोळ्यांकडे येते, कारण सूनबाई अडल्या आहेत त्या तिथेच, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही ते कोणत्या भावनेने लिहिलंत हे मला कळतं. वर्गात मागच्या बाकावर आजही अशी एखादी मुलगी बसलेली असेल, तिने वाचावं आणि तिला धीर यावा. हेतूत खोट नाही. पण ती ओळ वाचणार कोण, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. वैशालीच्या हाताखालचे मंडळ अधिकारी आणि तलाठी वाचतील. तिच्यासमोर उभे राहून युक्तिवाद करणारे वकील वाचतील. ज्यांच्या विरुद्ध तिने आदेश दिला, तेही वाचतील. तिच्या सासरची माणसं, तिच्या मुलांच्या शाळेतले पालक आणि ती राहते तिथले शेजारी वाचतील. यातल्या कुणाला तिने लहानपणाबद्दल काय सांगितलंय आणि काय नाही, हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित तिने सगळ्यांना सगळं सांगितलं असेल. कदाचित नवऱ्याशिवाय कुणालाच नसेल. दोन्ही तिच्या अधिकारात येतं.

आणि त्या ओळीत एकटी वैशालीच आहे असंही नाही, तिची आईसुद्धा आहे. आई हयात असतील तर आज त्या साठीच्या पुढे असणार. आयुष्यभर कष्ट केले याची त्यांना लाज नसेलही, नसावीच. पण आपल्या मुलीच्या फोटोखाली, चारशे अनोळखी माणसांसमोर, आपली ओळख ‘पोळ्या करणारी’ एवढीच व्हावी का, हे त्यांना कुणी विचारलं? चपलेच्या ओळीचं तर मला फार वाटलं. ती गोष्ट तुमच्या लक्षात राहिली कारण तुमचं तेव्हा तिच्याकडे लक्ष होतं. तुमचं लक्ष गेलेलं तिलाही कळलं असेल का? कळलं असेल तर ते तिला आवडलं असेल का? चौदा वर्षांची मुलगी पाय बाकाखाली ओढून घेते ते दिसू नये म्हणूनच ना.

मार्कांचा मुद्दा याहून थोडा वेगळा. घटक चाचणीतले २५ पैकी ३ तुम्हाला कळले ते तुम्ही शिक्षिका होतात म्हणून. डॉक्टरला पेशंटचं दुखणं कळतं तसंच ते. पेशंट बरा होऊन मॅरेथॉन पळाला तरी डॉक्टर त्याचा जुना रिपोर्ट फोटोखाली चिकटवत नाही. तुम्ही म्हणाल, मार्क कमी होते म्हणून तर यश मोठं दिसतं. दिसतं खरं. पण त्या हिशेबात मोठं कोण होतं, ते पाहा. तीन गुणांची मुलगी आणि तिला वर काढणाऱ्या बाई. फोटो वैशालीच्या भेटीचा आहे आणि मजकूर तुमच्या पराक्रमाचा होतो. तुम्हाला तसं म्हणायचं नाही हे तुमच्या ताज्या कलमावरून मला कळलं, पण फेसबुकवर ताजं कलम दिसणार नाही.

शिवाय तिथे मोबाइलवर लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचं ‘आणखी पहा’च्या मागे जातं. म्हणजे घाईने बोट सरकवणाऱ्या माणसाला तुमच्या मजकुरातलं काय दिसणार? हिरा, २५ पैकी ३ आणि पोळ्या. ‘रडू नकोस’ तर दिसणारच नाही.

हलाखीची गोष्ट सांगूच नये असं माझं म्हणणं नाही, ती कुणी सांगायची एवढाच प्रश्न आहे. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने जे लिहिलं ते आजही वाचताना अंगावर येतं. तेच सगळं ‘आमच्या शाळेतल्या एका गरीब मुलीची कहाणी’ म्हणून शिक्षकांनी लिहिलं असतं तर? दुःख तेच राहिलं असतं, पण मुक्ता दयेचा विषय झाली असती. तिने ते स्वतःच्या नावाने मांडलं म्हणून आज आपण तिला लेखिका म्हणून ओळखतो. आणि यात शिक्षकांचं श्रेय कुठे कमी झालं? तुमच्या शाळेत माजी विद्यार्थिनींचा मेळावा होत असेल तर वैशालीला बोलवा. मागच्या बाकावरच्या मुलीला काय सांगायचं ते ती आपल्या तोंडाने सांगेल. पोळ्यांचा उल्लेख करेल किंवा करणार नाही.

आता ‘माझ्या हातून घडलेला’. या शब्दांवर तुमच्याच स्टाफरूममधली इतर मंडळी काय म्हणतील, ते मी सांगायला नको. तिला मराठीचा निबंध कुणी शिकवला? राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत त्याचंही काम पडलं असणार. इतिहास-भूगोल कुणी घेतला? दहावीनंतर कॉलेज होतं, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेतली खुर्ची असेल, निकालात नाव न आल्यावर पुन्हा फॉर्म भरणं असेल. त्या काळात तुम्ही कुठे होतात? मी टोमणा मारत नाहीये. तुम्ही नव्हतात, आणि नसण्यात काही गैर नाही. शिक्षकाच्या वाट्याला दोन-तीन वर्षंच येतात. त्या दोन-तीन वर्षांत तुम्ही नेमकं काय केलंत, तेच लिहायला हवं, आणि तेच तुमच्या मजकुरात नाही.

‘रडू नकोस, गणित सोडव’ हे वाक्य तुम्हाला आठवतं. तिला आठवतं का? ती भेटीत त्याबद्दल काही बोलली असती तर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत. ती बोलली ते साध्याबद्दल. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा चार पायऱ्यांनी प्रमेय सगळ्याच शाळांमध्ये शिकवतात आणि मुली ते वरून खाली पाठ करतात. तुम्ही त्यांना तळापासून वर यायला लावत होतात. हे सिद्ध करायचंय, तर त्याआधी काय हाती हवं, त्याच्याही आधी काय हवं, असं मागे येत येत दिलेल्या माहितीशी गाठ घालायची. दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे असतील तर कोणती कसोटी लागेल ते आधी ठरवायचं आणि मग आकृतीत बाजू आणि कोन शोधायचे. ही शिकवण्याची एक खास रीत आहे, ती तुमची होती, आणि वीस वर्षांनी एक प्रांत अधिकारी फेरफाराच्या अपिलाची फाइल त्या रीतीने वाचते. बाई, एवढी मोठी पावती हातात असताना तुम्ही हिरे कशाला शोधताय?

डेस्कवर आम्ही नव्या उपसंपादकाला सांगायचो की फोटोत जे दिसतं ते ओळीत पुन्हा लिहू नका. फोटोत दिसत नाही पण वाचणाऱ्याला हवं असतं, ते लिहा. आणि जे लिहाल ते फोटोतल्या माणसाला फोन करून तपासता आलं पाहिजे. पायावर डोकं ठेवलं ते फोटोत दिसतंच आहे. भूमिती कुणी शिकवली आणि कशी, ते दिसत नाही. हिरा तपासता येत नाही, ‘नववी-दहावीला भूमिती शिकवली’ हे तपासता येतं. या चाळणीतून तुमचा मजकूर घातला तर जवळपास सगळा गळून जातो आणि ता. क. तेवढं वर राहतं.

मग मी लिहिलं असतं ते साधारण असं:

‘२००४ च्या दहावीतली वैशाली गेल्या महिन्यात घरी आली होती. मी तिला नववी-दहावीला भूमिती शिकवली. आता ती उपजिल्हाधिकारी आहे. जाताना म्हणाली, “बाई, तुम्ही प्रमेय साध्याकडून उलटं सोडवायला लावायचात, मी अजून तसंच करते.” त्या तुकडीतल्या बाकीच्या जणींनो, तुमच्यापैकी कुणाला आठवतंय का? फोटो: आमच्या सूनबाई.’

यात फेरफार आणि अपील मी गाळलं. तुमच्याशी दारात उभं राहून सहज बोललेलं वाक्य होतं ते. अपिलाची सुनावणी हे तिचं अर्धन्यायिक काम आहे, आणि आपण निकाल कसा लिहितो यावर अधिकाऱ्याने जाहीर बोलल्यासारखं ते छापलं जाऊ नये. ‘अजून तसंच करते’ एवढ्यात तिचं म्हणणं येतं. एकेरी ठेवलंय ते मुद्दाम. तुम्ही तिला अहो-जाहो करायला लागलात तर तिलाच परकं वाटेल. ‘उपजिल्हाधिकारी वैशाली आली’ असं पद आणि एकेरी मात्र एकाला एक लागून आलं की कानाला खटकतं, म्हणून पदाचं वाक्य वेगळं केलं. शेवटचा प्रश्न कशासाठी, तर खालच्या कमेंट प्रमेयांवर याव्यात आणि वैशालीच्या घरच्या परिस्थितीवर येऊ नयेत म्हणून. विषय तुम्ही दिलात की लोक सहसा त्याच वाटेने जातात.

तालुका मी लिहिलेला नाही आणि तुम्हीही लिहू नका. कारण अगदी व्यवहाराचं आहे. ‘अमुक तालुक्याची प्रांत माझी विद्यार्थिनी’ असं जाहीर झालं की चौथ्या दिवशी तुमच्या सोसायटीतले कुणी, पाचव्या दिवशी व्याह्यांचे चुलतभाऊ तुम्हाला फोन करतील. ‘बाई, आमच्या सातबाऱ्याचं जरा अडलंय, तुमचा शब्द पडला तर...’ गावाकडे जमीन नाही असं पुण्यात घर सापडणं अवघड, आणि जमीन आहे तिथे वाद आहे. तहसीलदाराच्या किंवा मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावरचं महसुली अपील प्रांताकडे येतं, आणि असं अपील तिच्या टेबलावर असताना पक्षकाराने तिच्या जुन्या बाईंच्या ओळखीने निरोप धाडला, तर तिची पंचाईत होते. तुम्ही कुणाचा निरोप देणार नाही याची मला खात्री आहे. पण तुमचं नाव घेऊन परस्पर तिच्या दालनात जाणारे निघतात, आणि ते तुमच्या हातात नाही. तालुका न लिहिणं तुमच्या हातात आहे.

कोणता फोटो टाकायचा तेही बघा. पाया पडतानाचा टाकू नका, असं माझं मत आहे. घरात ती वाकली ते तिच्या-तुमच्यातलं. बाहेर तोच फोटो ‘अधिकारी असूनही किती नम्र’ या कौतुकाचा होतो आणि त्या कौतुकात ती आवडो न आवडो अडकते. सोफ्यावर चहा पितानाचा एखादा असेल तर तो निवडा. फाटकाशी उभी असलेली सरकारी गाडी मागे आलेली नाही ना, तेवढं पाहून घ्या. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. वैयक्तिक खात्यावर फोटो किंवा रील टाकताना सरकारी पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी वाहन, इमारत यांचा वापर टाळावा असं त्यात आहे. तुम्हाला ते लागू नाही, तुम्ही निवृत्त आहात आणि खातं तुमचं आहे. पण तुम्ही तिला टॅग केलंत की पोस्ट तिच्या भिंतीवर जाऊ शकते. टॅग करूच नका. तिला वाटलं तर ती स्वतः खाली येऊन लिहील.

हे सगळं झालं तरी पोस्ट आधी तिला दाखवायची आहे, आणि दाखवण्याची पद्धत महत्त्वाची आहे. फोन करू नका. ती सदतिशीची असो, प्रांत असो, तुमचा आवाज कानावर पडला की ती नववी अ मध्ये जाऊन उभी राहणार आणि म्हणणार, ‘हो बाई, टाका ना, त्यात काय विचारायचं.’ तुम्हाला नाही म्हणायची सवयच तिला नाही. म्हणून लिहून पाठवा. निवडलेला फोटो, त्याखाली पूर्ण मजकूर जसाच्या तसा, आणि सोबत एवढंच: ‘हे फेसबुकवर आणि आपल्या ग्रुपवर टाकावं असं मनात आहे. काही बदलायचं, गाळायचं असेल तर तसं सांग. पद लिहू का? नाव कोणतं लिहू? टाकूच नये असं वाटत असेल तर फक्त “नको” लिही, कारण विचारणार नाही.’ ते शेवटचं वाक्य राहू देऊ नका. त्याच्यामुळे तिला नकार सोपा होतो.

मग थांबायचं. सुनावण्या, दौरे, कुठे निवडणुकीचं काम, यात चार-सहा दिवस जातील. नुसते जोडलेले हात आले तर तो होकार धरू नका. बाईंच्या मेसेजला काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून ते हात जोडले जातात. शब्दांत उत्तर येईपर्यंत फोटो तुमच्याकडेच असू द्या. आधी टाकू, तिने सांगितलं तर बदलू, हा विचार मनात येईल, पण त्यात एक अडचण आहे. फेसबुकवर पोस्ट दुरुस्त केली तरी आधीचा मजकूर एडिट हिस्टरीत राहतो आणि पोस्ट दिसणाऱ्याला तोही उघडून बघता येतो. चुकीचं काही गेलंच तर पोस्ट पूर्ण काढून नव्याने टाकणं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फोटो एकदा पुढे गेला की तुमच्याकडून पुसला तरी इतरांच्या फोनमधून जात नाही. म्हणून आधी फेसबुक, तेही ‘सार्वजनिक’ न ठेवता ‘मित्र’ निवडून. ग्रुपवर नंतर.

चिरंजीवांचं उत्तर लहान आहे. नाही. वैशाली त्यांच्या क्लासला कधी बसलेली नाही. आईची विद्यार्थिनी मुलाच्या फ्लेक्सवर झळकली तर येणारा-जाणारा पालक तिला क्लासचीच समजणार, आणि तो गैरसमज व्हावा म्हणूनच फ्लेक्स असतो. एकच उत्तीर्ण उमेदवार तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना आपण लक्ष्मी रस्त्यापासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत पाहिलेला आहे. याच प्रकाराला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकालानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवरची सही चालत नाही. त्याने कोणता कोर्स, किती काळ केला आणि पैसे भरून केला का, हेही जाहिरातीत सांगायचं. पन्नासपेक्षा कमी मुलांच्या क्लासला ही तत्त्वं लागू नाहीत, त्यामुळे चिरंजीवांच्या क्लासमध्ये तीसच मुलं असतील तर ते म्हणतील, मला काय त्याचं. त्यांना एवढंच सांगा की सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा चेहरा खासगी धंद्याच्या जाहिरातीवर लागला तर खुलासा तिला मागितला जाईल, आणि तो फ्लेक्स तुमच्या घरातून गेलेला असेल. महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा परवाना वगैरे तर पुढची गोष्ट.

वैशालीला मेसेज पाठवण्याआधी हे बोलणं घरात उरकून घ्या. संमती ती तुम्हाला देणार आहे, मुलाच्या क्लासला नाही. आणि एकदा फोटो फेसबुकवर आला की चिरंजीवांना तो तिथून उचलायला कुणाची परवानगी लागणार नाही.

राहिल्या कमेंट. वैशालीचा होकार आला, पोस्ट पडली, की दुपारपर्यंत तुकडीतली एखादी मैत्रीण प्रेमानेच लिहील, ‘आठवतंय ना वैशाली, तुझी आई आमच्याकडे यायची पोळ्या करायला!’ तुम्ही गाळलेलं सगळं एका ओळीत परत येईल. त्या कमेंटला उत्तर देऊ नका, लाइकही करू नका. कमेंटवर बोट दाबून धरलं की ती काढून टाकण्याचा पर्याय येतो, तो निवडा. नुसती लपवली तर लिहिणारीला आणि तिच्या मैत्रिणींना ती दिसतच राहते. काढली की ती कुणालाच दिसत नाही आणि लिहिणारीला तसं कळवलं जात नाही. मग त्या मुलीला वेगळा मेसेज करा. तीही तुमचीच विद्यार्थिनी आहे, तिला रागावण्यासारखं काही नाही. ‘ते काढलं गं मी, तिला विचारलं नव्हतं’ एवढं पुरेल. पहिल्या दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकदा बघत जा, आणि डोळ्यांना त्रास होत असेल तर हे काम सूनबाईंना द्या. त्यांची नजर चांगली आहे.